आधी संबळ, मग चित्र

सुरगाणा, पेठ आणि घाटापलीकडच्या मोखाडा-जव्हारच्या पट्ट्यात होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गावोगाव बोहाडा होतो. सुरगाण्याच्या बाजूला त्यालाच भवाडा किंवा भोवाडा म्हणतात. जेवणं उरकल्यावर सुरुवात होते आणि संपता संपता उजाडतं. अशा दोन, तीन, काही ठिकाणी त्याहूनही जास्त रात्री चालतात. मुखवटा चढवलेलं एकेक सोंग मशालींच्या उजेडात नाचत येतं, आपला खेळ करतं आणि जातं. गणपती आणि शारदा सुरुवातीला, देवी आणि म्हैषासुराची लढाई शेवटाला. कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांतल्या लोकांचा हा उत्सव आता दर वर्षी शेकडो फोनांमध्ये साठवला जातो. बहुतेक गावांत कुणी ना कुणी कॅमेराही आणतो आणि चार दिवसांत एक मागणी पुढे येते: सगळ्याची मिळून तीन मिनिटांची एक छान फिल्म करा, गावाबाहेर गेलेल्यांना पाठवता येईल अशी. या फिल्मा ज्या रीतीने होतात ती जवळपास ठरलेली आहे. देखणे शॉट निवडायचे, इंटरनेटवरून एखादं दणदणीत संगीत उतरवायचं आणि त्याच्या ठोक्यांवर शॉट कापत जायचे. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा आहे. भवाड्याची फिल्म आधी कानाने जुळवावी लागते. त्या रात्री प्रत्यक्ष वाजलेला संबळ आणि सनई हाच तिचा कणा. कोणता शॉट घ्यायचा, किती वेळ ठेवायचा, कुठे कापायचा, हे सगळं त्या आवाजावरून ठरवायला हवं.

याचं कारण भवाड्याच्या घडणीतच आहे. इथे वाजंत्री नाचाच्या मागे लावलेली शोभा नसते. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी असते आणि सोंग बदललं की संबळाचा ठेकाही बदलतो. गणपती संथ डुलत येतो, वेताळ किंवा राक्षसाचं सोंग झपाट्याने येतं, लढाईच्या सोंगांचा जोर आणखी निराळा. जाणत्या माणसाला पाठमोरं बसूनही नुसत्या वाजवण्यावरून कोण आलं ते कळतं. नाचणाऱ्याचा चेहरा लाकडी किंवा कागदी लगद्याच्या मुखवट्याआड झाकलेला असतो. डोळे, ओठ, भुवया यांतून दिसणारा भाव इथे मिळणारच नाही. तो मानेच्या झोकात, खांद्यांत आणि सगळ्यात जास्त पावलांत असतो, आणि पाऊल बांधलेलं असतं संबळाशी. तो आवाज काढून दुसरं संगीत लावलं की पाऊल पडतं एका क्षणी आणि ठोका ऐकू येतो भलत्याच क्षणी. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण सोंग उगाच हातपाय हलवतंय असं वाटू लागतं. मुखवट्याआडचा माणूस ज्या शिस्तीने नाचला ती शिस्तच फिल्ममधून नाहीशी होते.

या रीतीचा दुसरा फायदा अगदी व्यवहारी आहे आणि तो हिशोब मांडला की पटतो. समजा, एका गावात तीन रात्रींचा भवाडा आहे. दोन कॅमेरे, वाजंत्र्यांजवळ ठेवलेला एक छोटा ध्वनिमुद्रक आणि गावातल्या सहा मुलांचे फोन. रोज सहा तास धरले तर दोन कॅमेऱ्यांचं मिळून ३६ तासांचं चित्रण होतं आणि फोनवरचं तुकड्या-तुकड्यांनी आठ तास. एकूण ४४ तास, आणि त्यातून हवीत तीन मिनिटं. १९६९च्या ऑगस्टमधल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवावर मायकेल वॉडली यांनी फिल्म केली तेव्हा सुमारे १२० तासांचं चित्रण हाती होतं, पण तयार फिल्म तीन तासांहून थोडी मोठी होती. म्हणजे चाळीस मिनिटांतून एक मिनिट. आपल्याकडे प्रमाण ८८० मिनिटांतून एक असं येतं. सगळं पहिल्यापासून बघत बसलं तर रोज आठ तास देऊनही साडेपाच दिवस जातात, आणि एवढं बघितल्यावर कोणता शॉट खरंच चांगला होता हे ओळखण्याची नजरच बोथट होते. ध्वनिमुद्रकाचा आवाज मात्र एकच सलग धागा आहे, १८ तासांचा. तो संगणकावर उघडला की आवाजाच्या आलेखात प्रत्येक सोंगाची सुरुवात आणि शेवट डोळ्यांना दिसतो, कारण दोन सोंगांमध्ये वाजवणं थांबतं. गावातल्या एखाद्या जाणत्याला शेजारी बसवून प्रत्येक सुरुवातीपाशी सोंगाचं नाव लिहून घ्यावं आणि ज्या ठिकाणी वाजवणारे खरोखर रंगात आले आहेत अशा दोन-दोन मिनिटांच्या दहा जागा निवडाव्यात. आता बघायची आहेत ती फक्त वीस मिनिटं, आणि प्रत्येकाची तीन-चार बाजूंनी घेतलेली चित्रणं धरली तरी काम दीड तासाच्या आत येतं. उरलेल्या ४२ तासांतला एखादा सुंदर शॉट हातचा जाईल हे खरं. पण चांगलं वाजतंय तिथे चांगलं नाचलंही जातं, त्यामुळे तोटा वाटतो तेवढा नसतो.

म्हणून उत्सवाच्या आधी ज्या एका गोष्टीवर खर्च करायचा ती तिसरा कॅमेरा नसून हा ध्वनिमुद्रक आहे. फोनचा माइक संबळापुढे टिकत नाही. संबळावर काठी पडते तेव्हा आवाज एका क्षणात उसळतो आणि तितक्याच लवकर उतरतो. फोन स्वतःहून पातळी कमी-जास्त करत असतो. जोराचा ठोका आला की तो आवाज दाबतो, ठोका ओसरला की पुन्हा चढवतो. अशा चित्रणात प्रत्येक ठोक्यामागे सनई बुडते आणि हळूहळू वर येते, जणू आवाज धापा टाकतोय. ही खूण एकदा कानाने ओळखली की पुन्हा चुकत नाही. यावर नंतर फारसा इलाज नाही. ध्वनिमुद्रकावर ही आपोआप पातळी बंद करता येते. तो वाजवणाऱ्यांपासून दोन-तीन मीटरवर, सनईच्या तोंडासमोर न येईल असा ठेवावा आणि सर्वांत जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास पोहोचेल अशी पातळी लावावी. वाजवणारे पहिल्या तासात हात राखून वाजवतात, मध्यरात्रीनंतर जोर वाढतो, त्यामुळे सुरुवातीला पातळी थोडी कमीच वाटली तरी चालेल. कमी पातळीचा आवाज वाढवता येतो. फाटलेला ठोका मात्र शिवता येत नाही. वाजवणारे जागा बदलत असतील तर ध्वनिमुद्रक एखाद्या मुलाच्या हाती देऊन त्यांच्याबरोबर फिरवावा.

फोनवरचं चित्रण गोळा करताना सगळ्यात मोठं नुकसान व्हॉट्सअ‍ॅपमुळे होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, आणि अंधारात घेतलेल्या चित्रणात त्याचा परिणाम सगळ्यात वाईट दिसतो. काळ्या भागात चौकोनी ठिगळं उमटतात. शिवाय तो कधी चित्रित झाला याची नोंदही हरवते. फाइलचं नाव `VID-20240325-WA0012.mp4` अशा धर्तीचं दिसलं की समजावं, ही मूळ फाइल नाही. तारीख पाठवल्याची असते, आणि तीन रात्रींच्या उत्सवात कुठली रात्र हेच कळेनासं होतं. त्यामुळे फोन केबलने लॅपटॉपला जोडून रोज सकाळीच फाइली उतरवून घ्याव्यात. ते जमणार नसेल तर निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं. दोन कॅमेरे ५० मेगाबिट वेगाने चित्रण करत असतील तर प्रत्येकी तासाला साडेबावीस जीबी, म्हणजे तीन रात्रींत ८१० जीबी जागा लागते. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. आणि पहिल्या संध्याकाळी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं फोनच्या वेळेशी मिळवून घ्यावीत. या दोन मिनिटांच्या कामाने पुढचे कित्येक तास वाचतात.

आता सगळ्यांत नाजूक काम: सहा-आठ ठिकाणांहून घेतलेलं चित्रण एकाच वेळेवर आणणं. संकलन करणारे याला सिंक म्हणतात. डाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर यांसारखी सॉफ्टवेअरं आवाजाच्या आलेखावरून हे आपोआप करतात. प्रत्येक क्लिपचा आवाज मुख्य आवाजाशी ताडून तिला जागेवर सरकवतात. संबळासारख्या टोकदार ठोक्यांवर ही जुळणी फार चांगली होते. पण इथे एक सापळा आहे. आवाजाला प्रवासाला वेळ लागतो, उजेडाला आपल्या हिशोबाने लागत नाही. सेकंदाला सुमारे ३४० मीटर, हा आवाजाचा वेग. गर्दीच्या मागे ओट्यावर चढून चाळीस मीटरवरून फोन धरलेल्या मुलाकडे ठोक्याचा आवाज सुमारे ०.१२ सेकंद उशिरा पोहोचतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने तीन फ्रेम. काठी पडताना मात्र त्याच्या फोनला त्याच क्षणी दिसते. सॉफ्टवेअर त्याचा उशिरा आलेला आवाज मुख्य आवाजावर बरोबर बसवतं आणि त्यासाठी क्लिप तीन फ्रेम अलीकडे ओढतं. आवाज जुळला, पण चित्र पुढे निघून गेलं: काठी आधी पडते, ठोका मागून येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या प्रसारणविषयक शिफारशीत दिलेल्या मर्यादेनुसार आवाज चित्राच्या पुढे ४५ मिलिसेकंद गेला किंवा मागे १२५ मिलिसेकंद राहिला की माणसाला ते जाणवू लागतं. चाळीस मीटरवर आपण त्या काठावरच येऊन उभे राहतो. दूरचा शॉट असेल तर कुणाच्या लक्षात येणार नाही, पण त्याच फोनने झूम करून पावलं टिपली असतील तर खटकणारच. उपाय सोपा आहे: आपोआप जुळणी झाल्यावर लांबच्या प्रत्येक क्लिपचं अंतर अंदाजे पाहून ती परत पुढे सरकवायची. साधारण चौदा मीटरला एक फ्रेम. अंतर आठवत नसेल तर ज्या फ्रेममध्ये काठी कातड्याला टेकते ती शोधून ठोक्यावर बसवायची. आणि क्लिपचा स्वतःचा आवाज बंद करायचा, कारण कान एवढे कडक असतात की दोन आवाज एकत्र वाजले तर ठोका दुहेरी ऐकू येतो.

दुसरा त्रास लांब क्लिपांमध्ये येतो. सुरुवातीला जुळलेली क्लिप अर्ध्या तासाने सुटते. याची दोन कारणं आणि दोघांची खूण वेगळी. प्रत्येक उपकरणातलं घड्याळ किंचित वेगळ्या चालीने चालतं. दोन उपकरणांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असला तरी तासाभरात जवळपास दोन फ्रेमचं अंतर पडतं. हे अंतर हळूहळू आणि सारखं वाढतं. दुसरं कारण फोनचं: फोन सेकंदाला ठरलेल्या फ्रेम घेत नाही. अंधार वाढला किंवा फोन तापला की संख्या कमी-जास्त करतो. या घसरणीला नियम नसतो, ती मध्येच उडी मारते. पहिल्या प्रकारात क्लिप सोंगागणिक कापून प्रत्येक तुकडा नव्याने जुळवला की झालं. तीन मिनिटांच्या फिल्मला एवढं पुरतं. दुसऱ्या प्रकारात क्लिप संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकण्याआधीच स्थिर फ्रेमवर आणावी लागते:

```
ffmpeg -i fon3.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le fon3_30.mov
```

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेरे २५ फ्रेमवर ठेवणं आणि फिल्मही २५वर करणं सोयीचं. अशा टाइमलाइनवर ३० फ्रेमची क्लिप टाकली की दर सहावी फ्रेम गळते. स्थिर शॉटमध्ये ते दिसत नाही, पण नाचणाऱ्यामागे फोन फिरत असेल तर बारीक झटके जाणवतात. म्हणून फोनचे शॉट छोटे ठेवावेत आणि फोन स्थिर असलेलेच निवडावेत. उभा धरलेला फोन ही निराळी अडचण. पूर्ण एचडीतल्या उभ्या चित्रणातून आडवी पट्टी काढली तर ती १०८० बाय ६०७ एवढीच उरते आणि ताणल्यावर धूसर दिसते. तोच फोन ४के वर असेल तर पट्टी २१६० बाय १२१५ मिळते आणि निर्धास्त वापरता येते. मुलांना फोन आडवा धरा असं वारंवार सांगण्यापेक्षा ४के लावून देणं जास्त खात्रीचं, कारण गर्दीत हात उंचावून धरलेला फोन उभाच होतो.

इथपर्यंतचं काम झालं की खरं संकलन सुरू होतं, आणि ते पडदा बंद करून करावं असं मी म्हणेन. दहा निवडक जागांतून तीन ठेके घ्यायचे, ज्यांची चाल एकमेकांपेक्षा स्पष्ट वेगळी आहे. सुरुवातीचा संथ गणपती किंवा शारदा, मधला एखादा झपाट्याचा, आणि शेवटचा देवी-म्हैषासुराचा. समजा, पहिला चाळीस सेकंद, दुसरा ४८, तिसरा ४२. म्हणजे संबळ १३० सेकंद वाजतो. उरलेली पन्नास सेकंदं संबळाशिवायची, आणि ती फुकट गेलेली नाहीत. पहिली अठरा सेकंदं तयारीची: मुखवट्याची दोरी आवळण्याचा आवाज, मशालीवर तेल ओतणं, दूरवर कुणीतरी सनईचा सूर तपासतोय. पहिल्या आणि दुसऱ्या ठेक्यामध्ये बारा सेकंद लोकांचा कलकलाट, झोपलेल्या पोराला खांद्यावर घेऊन बसलेली आई. दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये आठ. शेवटी बारा सेकंद पहाटेची, मुखवटा उतरल्यानंतरची. या मोकळ्या जागा नसतील तर ठेका बदलला हेच कानाला कळत नाही आणि १८० सेकंदांचा एकच कल्लोळ होतो. दोन ठेके एकमेकांना थेट चिकटवायचे झाले तर जोड सनईच्या श्वासाच्या जागी द्यावा आणि त्यावर गर्दीच्या आवाजाची पातळ चादर घालावी. आणि संबळ यंत्रासारखा सारख्या लयीत नसतो. रंगात आला की वाजवणारा पुढे धावतो. त्यामुळे सॉफ्टवेअरला मिनिटाला किती ठोके ते सांगून त्याच्या आखलेल्या रेघांवर कापणं इथे उपयोगाचं नाही. ठोके कानाने ऐकून हाताने खुणा करायच्या.

त्यावर चित्र बसवताना मोह होतो तो प्रत्येक ठोक्यावर कापण्याचा. दहा सेकंदांतच डोळा त्याला सरावतो आणि मग कट दिसतच नाही, नुसती थरथर दिसते. जिथे पाऊल ठोक्यावर पडतंय तो क्षण शॉटच्या आत पूर्ण दिसू द्यावा आणि कट त्याच्या अलीकडे घ्यावा: एका कोनातून पाय उचललेला, दुसऱ्या कोनातून तोच पाय जमिनीवर टेकतोय. हे फक्त नीट सिंक केलेल्या चित्रणात शक्य आहे आणि आधीची सगळी मेहनत इथे वसूल होते. संथ ठेक्यात एक शॉट चार-पाच सेकंद राहू शकतो, झपाट्याच्या ठेक्यात दोन. सगळे मिळून पन्नास-पंचावन्न शॉट होतात. पण तीनही रात्रींतलं साहित्य घ्यायचं तर बुधवारच्या आवाजावर सोमवारची पावलं बसवावी लागतील, आणि हे खोटं नाही का, असा प्रश्न कुणी विचारला तर तो योग्यच आहे. माझी मर्यादा अशी: तेच सोंग, तोच ठेका, वेगळी रात्र, हे चालेल. पाऊल ठोक्यावर हाताने बसवलं तर त्या सोंगाच्या नाचाबद्दल आपण काही चुकीचं सांगत नाही. राक्षसाची पावलं गणपतीच्या ठेक्यावर मात्र कधीच नाहीत, दिसायला कितीही जुळली तरी. शहरातला प्रेक्षक ते ओळखणार नाही. गावातली दहा वर्षांची मुलगी ओळखेल, आणि ज्यांनी नाच केला त्यांच्या समोर ते लावणं हा अपमान आहे. क्रमाचंही तसंच. देवीची लढाई सगळ्यात देखणी म्हणून सुरुवातीला आणली तर बाहेरच्यांना आकर्षक वाटेल, पण भवाडा त्या लढाईकडे रात्रभर चालत जातो, आणि ती आधीच दाखवली तर उरलेल्या फिल्मला जायला जागा राहत नाही.

या रीतीवर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला: बाहेरच्या माणसाला संबळ-सनई कर्कश वाटते, तयार संगीत लावलं तर फिल्म जास्त लोक बघतील. सनईचा सूर फोनच्या छोट्या स्पीकरवर टोचतो हे मान्य. पण तो बहुतेक वेळा जवळ धरलेल्या माइकमुळे आणि फाटलेल्या मुद्रणामुळे टोचतो. ध्वनिमुद्रकाच्या स्वच्छ आवाजात अडीच ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल उतरवले की सनई कानाला लागत नाही आणि संबळाचा खालचा घुमार वर येतो. शिवाय तयार संगीताची फिल्म कुठल्याही गावाची असू शकते. सुरगाण्याची आहे हे सांगायला मग फक्त पाटी उरते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: लोक फोनवर फिल्मा आवाज बंद करूनच बघतात. खरं आहे, अनेक जण पहिल्यांदा तशाच बघतील. पण ठोक्यावर पाऊल दिसेल अशी कापलेली फिल्म आवाजाशिवायही लयीत वाटते, कारण लय पावलांतच आहे आणि कट त्या पावलांना धरून आहेत. परक्या संगीतावर कापलेली फिल्म आवाज बंद केला की विस्कळीत होते, कारण तिचे कट ज्याला धरून होते तेच गेलं.

तिसरा आक्षेप गावातूनच येतो आणि त्याला सगळ्यात आदराने उत्तर द्यायला हवं. अनेक गावांत सोंगं घराण्यांकडे परंपरेने चालत आलेली असतात. बापाने नाचवलेलं सोंग मुलगा नाचवतो. फिल्ममध्ये तीनच ठेके घेतले तर बाकीच्यांचं सोंग गेलं कुठे? सगळी सोंगं दाखवायची म्हटलं आणि ती पन्नासच्या घरात असली तर एकेकाच्या वाट्याला साडेतीन सेकंद येतात. तेवढ्यात सोंग येतं आणि जातं, त्याची चाल कुणालाच दिसत नाही, आणि फिल्म हजेरीपटासारखी होते. त्यापेक्षा बिनसंबळाच्या मोकळ्या जागांत आणि संथ ठेक्यात इतर सोंगांचे मुखवटे, तयारी, वाट बघणं येऊ द्यावं, आणि खरं उत्तर फिल्मच्या बाहेर द्यावं. सगळं चित्रण आता एका टाइमलाइनवर जुळलेलं आहे, प्रत्येक सोंगाची सुरुवात-शेवट खुणावलेला आहे. त्या खुणांवरून प्रत्येक घराला आपल्या सोंगाची पूर्ण क्लिप, ध्वनिमुद्रकाच्या स्वच्छ आवाजासह, वेगळी काढून देता येते. दोन कोन निवडून एका क्लिपला वीस मिनिटं लागली तर पन्नास सोंगांना सतरा तासांच्या आसपास काम आहे. तीन मिनिटांच्या फिल्मला लागलेल्या वेळापेक्षा हे कदाचित जास्त असेल, पण ज्यांनी नाच केला त्यांना ती क्लिपच जास्त उपयोगाची. पुढच्या वर्षी मुलाला चाल शिकवताना तीच लावली जाईल.

उजेडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात करण्यासारखं कमी आहे. मशालीचा उजेड तांबूस, आवारातल्या एलईडीचा निळसर, आणि फोन या दोघांमध्ये हेलकावे खात रंग बदलत राहतो. अंधारात फोन सगळं उजळवायला जातो, मुखवट्याचे रंग फिके पडतात आणि मशालीची ज्योत पांढरा डाग होते. चित्रण घेतानाच पडद्यावर मुखवट्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड पक्का करून टाकला तर निम्मा त्रास वाचतो. नंतर रंग जुळवताना सिंकचा पुन्हा उपयोग होतो: एकाच क्षणाची दोन उपकरणांतली फ्रेम शेजारी ठेवली की एकच मुखवटा, एकच उजेड, फक्त यंत्र वेगळं. एका कॅमेऱ्याला प्रमाण मानायचं आणि बाकीचे त्याच्याकडे ओढायचे. मशालीचा तांबूसपणा मात्र पुसायचा नाही. चेहरे दिवसासारखे दिसावेत म्हणून तो काढला तर रात्रच जाते.

आणि ध्वनिमुद्रक बंद पडला, किंवा ठेवलाच नव्हता, तर? मग फोनांतला सगळ्यात जवळचा, ज्याने वाजवणाऱ्यांच्या शेजारून घेतलंय तो शोधायचा. त्याचा आवाज धापा टाकेल, पण ठोके जागेवर असतील. त्यातून फार तर वीस-वीस सेकंदांचे तुकडे घेता येतात, कारण त्याहून जास्त वेळ तो कानाला सोसत नाही, आणि फिल्म दीड मिनिटाची होते. दोन फोन दोन बाजूंना असले तर ठोके एकाचे आणि सनई दुसऱ्याची असं वेगळं करायला जाऊ नये. दोघांचं अंतर वेगळं, ठोका दुहेरी होतो. एकच निवडावा. पुढच्या वर्षी वाजवणारे तेच असतील तर दुपारी, उजेडात, शांतपणे तिन्ही ठेके पुन्हा वाजवून घेऊन ते रात्रीच्या चित्रावर बसवावेत असंही सुचवलं जातं. ते मला पटत नाही. दुपारचा संबळ सोंगासमोर वाजलेला नसतो. नाचणारा रात्री जिथे थबकला तिथे वाजवणाराही त्याच्याकडे बघून थबकला होता, आणि ते थबकणं दुपारच्या मुद्रणात येत नाही. पावलं त्यावर बसवायला गेलं की पहिली दहा-बारा जुळतात आणि पुढची सुटत जातात.